कोनाच्या निव्वळ वजनावरून आणि काउंटवरून सुताची खरी लांबी कशी काढावी

प्रश्न: विट्याजवळ आमचे लहान वार्पिंग युनिट आहे. ४० काउंटच्या कॉटन सुताच्या २० बाचक्यांतले ४८० कोन क्रीलवर, म्हणजे कोन लावायच्या चौकटीवर, लावले. बाचक्यावर ४५.३६ किलो आणि २४ कोन असे छापलेले होते, म्हणून एका कोनात १,२८,००० मीटर धरून २१,३०० मीटरची सहा बिमे घेतली, पण सहाव्या बिमाला बहुतेक कोन आधीच संपले. हिशोब कुठे चुकला? लडीच्या सुताला हाच हिशोब चालतो का?

उत्तर: आपले गणित बरोबर आहे, पण त्यात घातलेल्या दोन आकड्यांपैकी एकही आपण मोजला नाही, दोन्ही लेबलावरून उचलले. वजनाचा आकडा छापील असला तरी काट्यावर ताबडतोब तपासता येतो. काउंटचा आकडा मात्र ली, म्हणजे ठरावीक लांबीचा सुताचा नमुना, काढून तोलल्याशिवाय कळत नाही, आणि लांबीत येणारी तूट बहुतेक वेळा तिथूनच येते.

आधी सूत्र कुठून येते ते पाहू, म्हणजे ते कुठे लागू पडते हेही समजेल. कॉटनच्या इंग्लिश पद्धतीत ८४० यार्डांच्या जितक्या लड्यांचे वजन एक पौंड भरते तितका त्या सुताचा काउंट असतो. ८४० यार्ड म्हणजे ७६८.१ मीटर आणि एक पौंड म्हणजे ४५३.५९ ग्रॅम. पहिल्याला दुसऱ्याने भागले की १.६९३४ येते, म्हणजे एक काउंटच्या एक ग्रॅम सुतात १.६९३४ मीटर लांबी असते. म्हणून

लांबी (मीटर) = १.६९३४ × काउंट × निव्वळ वजन (ग्रॅम)

आपल्या बाचक्याचे ४५.३६ किलो म्हणजे बरोबर शंभर पौंड, आणि ते २४ कोनांत वाटले की प्रत्येक कोनात १.८९ किलो सूत येते. १,८९० ला ४० ने आणि मग १.६९३४ ने गुणले की १,२८,०२१ मीटर येतात. आपण धरलेली लांबी हीच आहे, आणि सूत खरोखर ४० काउंटचे व १.८९ किलोचे असते तर ती कोनावर मिळालीही असती.

वजनापासून सुरुवात करू, कारण ते लवकर उरकते. सूत्रातले वजन फक्त सुताचे असले पाहिजे. कागदी कोनाचे वजन साधारण चाळीस ग्रॅमच्या आसपास असते, पण ते आकारानुसार आणि कागदाच्या जाडीनुसार बदलते, म्हणून त्याच गिरणीचे दहा रिकामे कोन एकत्र तोलून सरासरी काढावी. ४० काउंटच्या सुतात चाळीस ग्रॅम म्हणजे सुमारे २,७०० मीटर होतात, तेव्हा कोनाचे वजन वजा करायचे राहिले तर तेवढी लांबी कागदावर फुकट वाढते. भरलेल्या कोनात ही चूक दोन टक्क्यांची असते, पण अर्धवट उरलेल्या कोनात ती हिशोब पार बिघडवते: काट्यावर १५० ग्रॅम दिसणाऱ्या उरलेल्या कोनावर सूत ११० ग्रॅमच असते. कोनावरची प्लास्टिकची पिशवी काढूनच तोलावे. एका लॉटमधले निदान पंधरा-वीस कोन, तेही वेगवेगळ्या बाचक्यांतले, स्वतंत्रपणे तोलून प्रत्येकाची नोंद ठेवावी. केवळ सरासरी पाहू नये, सर्वांत हलका कोन किती भरला हेही पाहावे; त्याचे कारण पुढे येईल.

आता काउंट. गिरणी ४० काउंटचे म्हणून जे सूत देते ते प्रत्यक्षात ३९ किंवा ४०.५ भरू शकते. कातताना थोडाफार फरक राहतोच, आणि म्हणून व्यवहारात काही सूट धरलेली असते. मात्र विणणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक सरळ लांबीत उतरतो. काउंट अडीच टक्क्यांनी जाड निघाला तर किलोमागे लांबीही अडीच टक्क्यांनी कमी मिळते, आणि सूत आपण वजनावर विकत घेत असल्यामुळे बिलात ही तूट कुठेच दिसत नाही.

काउंट मोजण्यासाठी ली काढतात. दीड यार्ड परिघाच्या रीळावर ८० फेरे घेतले की १२० यार्डांची, म्हणजे १०९.७ मीटरची, एक ली होते. अशा सात ली मिळून एक लडी होते. पौंडाचा सातवा भाग ६४.८ ग्रॅम असल्यामुळे ६४.८ ला लीच्या ग्रॅममधल्या वजनाने भागले की थेट काउंट मिळतो. ४० काउंटची ली १.६२ ग्रॅम भरायला हवी. आपल्याकडे दीड यार्डाचे रीळ नसेल आणि एक मीटर परिघाचे असेल, तर १०० फेरे घेऊन ५९.०५ ला वजनाने भागावे. उत्तर तेच येते.

इथे काट्याचा प्रश्न येतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर एकच ली तोलली तर शेवटच्या आकड्यातील एका घराचा फरकही ०.६ टक्के होतो, म्हणजे एका कोनामागे सातआठशे मीटर. प्रयोगशाळेचा काटा नसेल तरी यावर साधा उपाय आहे: वीस ली काढाव्यात आणि त्या सर्व एकत्र तोलाव्यात. एकत्र वजन तेहतीस ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यात ०.०१ ग्रॅमचा फरक नगण्य ठरतो. असा सराफी काटा आपल्या खानापूर-आटपाडी भागात सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यामुळे शोधायला लांब जावे लागत नाही. वीस ली एकाच कोनाच्या नसाव्यात. दहा कोन घेऊन प्रत्येकाच्या दोन ली काढाव्यात, कोनाचा सुरुवातीचा हाताळलेला थर सोडून द्यावा, आणि रीळावर सूत ओढून घेऊ नये. ताण जास्त झाला की सूत लांबते, तीच लांबी हलकी भरते आणि काउंट असतो त्यापेक्षा बारीक दिसतो. मग आपली फसगत पुन्हा जास्त लांबी धरण्याकडेच होते.

एका कोनाच्या दोन ली तोलून त्या कोनाचा काउंट ठरवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. भरलेला कोन एका धाग्याचा दिसला तरी तो पन्नास-साठ ग्रॅमच्या तीसेक रिंग बॉबिनी एकामागे एक जोडून भरलेला असतो, आणि आपल्या कोनात अशा अकराशेहून अधिक ली असतात. बॉबिनीगणिक होणारी चढउतार कोनाच्या आतच बरीचशी भरून निघते. म्हणून वीस लींची सरासरी हा संपूर्ण लॉटचा काउंट मानावा आणि तोच प्रत्येक कोनाला लावावा. कोनाकोनातला फरक मुख्यतः वजनावरून पाहावा.

तुमच्या लॉटच्या वीस ली मिळून ३३.२० ग्रॅम भरल्या असे धरू. एक ली १.६६ ग्रॅम, म्हणजे काउंट ३९.०४. कोनाचे निव्वळ वजन १.८९ किलो असल्याचे आपण काट्यावर तपासले आहे असेही धरू. मग १.६९३४ × ३९.०४ म्हणजे एका ग्रॅममध्ये ६६.११ मीटर, आणि १,८९० ग्रॅममध्ये १,२४,९४८ मीटर. लेबलावरून आलेल्या लांबीपेक्षा हे ३,०७३ मीटरने कमी आहे. २१,३०० मीटरची सहा बिमे म्हणजे १,२७,८०० मीटर, ३९.०४ काउंटच्या कोनावर तेवढे सूतच नाही. पाच बिमे पूर्ण होतात आणि सहावे सुमारे २,८५० मीटरने कमी पडते. आपल्याकडे जे घडले ते असेच दिसते. मात्र ली काढून खात्री करून घ्यावी.

याचे नुकसान सहाव्या बिमापुरते राहत नाही. सायझिंगला, म्हणजे खळ लावायला, सहाही बिमे एकत्र लावून २,८८० धाग्यांचा एकच ताणा होतो, आणि तो सर्वांत लहान बिमाबरोबर संपतो. सहावे बीम २,८५० मीटरने लहान राहिले, तर उरलेल्या पाच बिमांवर प्रत्येकी ४८० धाग्यांचे तेवढेच सूत पडून राहते. त्याचे वजन सुमारे १०३ किलो भरते. ते टाळायचे असेल तर सहाव्या बिमावर शेकडो कोन मधेच बदलून गाठी माराव्या लागतात, आणि त्यात यंत्र थांबते ते वेगळेच.

मग बिमाची लांबी किती ठरवावी? १,२४,९४८ ला सहाने भागून २०,८२४ घ्यावेत असे वाटेल, पण ही सरासरी आहे आणि क्रील सरासरीवर चालत नाही. पहिला कोन संपला की थांबावेच लागते. मी साधारण दोन टक्के सोडतो. त्यातला एक टक्का काउंटच्या अनिश्चिततेसाठी असतो, कारण वीस लींची सरासरी लॉटच्या खऱ्या काउंटच्या साधारण एक टक्का आतबाहेर असू शकते. दुसरा टक्का हलक्या कोनांसाठी असतो. आपण तोललेल्या कोनांत सर्वांत हलका १.८७ किलोचा निघाला, तर त्याची लांबी १,२३,६२६ मीटर भरते, म्हणजे सरासरीपेक्षा एक टक्का कमी. दोन्ही मिळून १,२२,४०० मीटर धरावेत आणि बिमाची लांबी २०,४०० ठेवावी. मग प्रत्येक कोनावर सरासरी २,५४८ मीटर, म्हणजे ३८-३९ ग्रॅम सूत उरेल. ४८० कोनांचे मिळून ते साडेअठरा किलो होते आणि आडव्या धाग्यासाठी कांडीवर घेता येते. १०३ किलो बिमांवर अडकण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. तोललेल्या कोनांत हलका कोन दोन-तीन टक्क्यांनी खाली गेलेला दिसला, तर मात्र सर्वच कोन तोलून असे हलके कोन क्रीलवर न लावता बाजूला काढावेत. ते आडव्यासाठी वापरले की उरलेल्या चांगल्या कोनांची लांबी वाया जात नाही.

एक सावधगिरी इथे सांगितली पाहिजे. स्वयंचलित वाइंडिंग यंत्रावर कोन ठरावीक लांबीला थांबवतात. अशा कोनांत वजनाचा फरक दिसला तरी लांबी जवळजवळ सारखीच असू शकते, कारण हलका कोन थोड्या बारीक सुताचा असतो. अशा लॉटमध्ये सर्वच कोन जवळपास एकाच वेळी संपतात, त्यामुळे पहिल्या क्रीलवरच हे लक्षात येते आणि पुढच्या वेळी सोडायची लांबी थोडी कमी करता येते.

आता दमटपणाविषयी, कारण त्यावरून गैरसमज फार होतात. सुक्या कापसाच्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा धरून कॉटन सुताचे प्रमाण वजन ठरते. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते आणि गोदामातले सूत हा ओलावा सोडत जाते. पावसाळ्यात ते पुन्हा ओढून घेते. समजा १.८९ किलोचा कोन साडेआठवरून पाच टक्क्यांवर आला. त्याचे वजन १.८२९ किलो भरेल. त्याला ४० ने गुणले तर लांबी १,२३,८९० मीटर येते आणि चार हजार मीटर सूत कमी आले असे वाटून गिरणीकडे तक्रार जाते. खरे तर कोनावरची लांबी तेवढीच आहे, फक्त पाणी गेले आहे. त्याच सुताची ली त्याच दिवशी तोलली तर तीही तितकीच हलकी भरते, काउंट ४१.३३ येतो, आणि १,८२९ × ४१.३३ × १.६९३४ केले की पुन्हा १,२८,००० मीटरच येतात.

म्हणून लांबी काढण्यापुरते आपल्याला ओलाव्याचे यंत्र लागत नाही. कोनाचे वजन आणि लीचे वजन एकाच अवस्थेतल्या सुताचे असले की ओलावा दोन्हींकडून कटून जातो. गिरणीचा प्रमाण काउंट आणि आपल्या गोदामातले सुके वजन, किंवा जुलैत काढलेला काउंट आणि मे महिन्यातले वजन, असे मिश्रण मात्र करू नये. ली काढल्यावर ती ताबडतोब तोलावी. सुटी ली मोकळ्या हवेत काही मिनिटांत सुकू लागते, तर कोनाच्या आतले सूत कित्येक दिवस ओलावा धरून असते. दुपारी काढलेली ली संध्याकाळी तोलली तर सूत बारीक दिसेल आणि लांबी पुन्हा वाढीव येईल. काउंट जाड आहे अशी तक्रार गिरणीकडे करायची असेल, तर प्रश्न निराळा आहे; तेव्हा प्रमाण हवामान ठेवणाऱ्या प्रयोगशाळेतच ली तपासून घ्यावी लागते.

बीम तयार झाल्यावर हाच हिशोब उलट करून वार्पिंग यंत्रावरचा लांबी मोजणारा मीटर तपासता येतो, आणि हे प्रत्येक नव्या लॉटला एकदा करावे असे मला वाटते. बिमाचे रिकामे वजन वजा करून निव्वळ वजन घ्यावे. ४८० धाग्यांचे २०,४०० मीटरचे बीम ३९.०४ काउंटमध्ये सुमारे १४८ किलो भरायला हवे. काट्यावर १५१ किलो आले आणि काउंट आपण नुकताच मोजलेला असेल, तर १,५१,००० ला ६६.११ ने गुणून ४८० ने भागावे: बिमावर २०,७९७ मीटर आहेत आणि मीटर दोन टक्के कमी दाखवतो आहे. मोजणारा रोलर सुतावर घसरत असला की असे होते. असे यंत्र कोन वेळेआधी संपवते आणि दोष मात्र सुतावर जातो. आपल्या सहाव्या बिमाचे कारण काउंट होता की मीटर, हे या एका वजनावरून उलगडते. बिमे अजून सायझिंगला गेली नसतील तर ती आधी तोलून घ्यावीत.

सूत बदलले की गुणक तोच राहतो, पण काउंट कोणता घालायचा हे बदलते. २/४० म्हणजे ४० चे दोन धागे एकत्र पिळलेले सूत. त्याचा हिशोबाचा काउंट २० धरावा, म्हणजे १.८९ किलोच्या कोनावर ६४,००० मीटर येतात. पिळामुळे यात थोडा फरक पडतो आणि तो पिळावर अवलंबून असतो, म्हणून दुहेरी सुताचीही ली तोलावीच. पॉलिस्टर-कॉटन किंवा व्हिस्कोसचे कातीव सूत इंग्लिश काउंटमध्येच येत असेल तर सूत्र जसेच्या तसे लागू पडते. फिलामेंट सूत डेनियरमध्ये येते आणि डेनियर म्हणजे ९,००० मीटरचे ग्रॅममधले वजन, म्हणून तिथे ९,००० ला वजनाने गुणून डेनियरने भागावे; ८० डेनियरच्या एका किलोत १,१२,५०० मीटर असतात. लेबलावर मेट्रिक काउंट असेल तर तो सरळ ग्रॅमने गुणावा, कारण मेट्रिक काउंट म्हणजेच एका ग्रॅममधले मीटर, त्याला १.६९३४ ने गुणले तर लांबी पावणेदोन पटीच्या आसपास वाढून येईल.

लडीच्या सुताचा मूळ हिशोब वेगळा नाही. ४० काउंटची पूर्ण लडी ११.३४ ग्रॅम भरते आणि तिच्यात ७६८ मीटर असतात. लडीचा फायदा हा की तिचे फेरे मोजता येतात: दीड यार्डाच्या रीळावर ५६० फेरे असायला हवेत. वजन कमी भरले तर फेरे कमी आहेत की सूत बारीक आहे, हे एक-दोन लड्यांचे फेरे मोजून कळते. फेरे पूर्ण असतील आणि वजन १०.८० ग्रॅम असेल तर सूत ४२ काउंटचे आहे. लांबी पूर्णच आहे. फेरे ५३० असतील आणि वजनही त्याच प्रमाणात कमी असेल तर सूत ४० चेच आहे आणि लडीच आखूड आहे. लडी तोलण्याआधी ती बांधलेले दोरे सोडून घ्यावेत, कारण इतक्या कमी वजनात त्यांचाही फरक पडतो.

धुतलेल्या, ब्लीच केलेल्या किंवा रंगवलेल्या लडीला कच्च्या सुताचा काउंट लावू नये. धुलाई आणि ब्लीचिंगमध्ये कापसावरचे मेण व इतर द्रव्ये निघून जातात आणि वजन काही टक्के घटते. ११.३४ ग्रॅमची लडी ब्लीचनंतर १०.७० ग्रॅम भरली आणि आपण काउंट ४० च धरला, तर लांबी ७२५ मीटर येईल, म्हणजे ४३ मीटर हरवल्यासारखे दिसेल. फेरे मात्र ५६० च असतात. सूत थोडे आकसल्यामुळे लडीचा परिघ जेवढा कमी झाला असेल तेवढीच लांबी खरोखर घटलेली असते. अशा सुताची नवी ली काढून काउंट नव्याने ठरवावा आणि तोच सूत्रात घालावा. सायझिंग झालेल्या धाग्यालाही हेच लागू आहे, तिथे फक्त वजन घटण्याऐवजी खळीमुळे वाढलेले असते.